वर्कशीटचा फोटो: सबस्क्रिप्ट, चिन्हे आणि आकृतीतली नावे वाचता यावीत म्हणून मैत्रिणीला लिहिलेला निरोप

मृण्मयी

माझी मैत्रीण सायली मला विद्युतरसायनाच्या वर्कशीटचे फोटो पाठवते आणि आम्ही दोघी ती सोडवतो. तिला लिहिलेला निरोप जसाच्या तसा येथे ठेवत आहे. तीही हा धागा वाचणार आहे. ज्यांना यातले अधिक कळते त्यांनी कृपया दुरुस्त्या सुचवाव्यात.

प्रिय सायली,

तू पाठवलेल्या पानावरची वाक्ये अगदी स्वच्छ वाचता येतात, आणि म्हणूनच फोटो चांगला आला आहे असे पाहताक्षणी वाटते. अडचण आहे ती लहान खुणांची. तिसऱ्या प्रश्नात जस्त आणि तांब्याचा सेल दिला आहे. त्यात जस्ताच्या आयनांची संहती 1.0 mol/L आहे हे कळते, पण तांब्याच्या आयनांपुढे 10 च्या डोक्यावर एक पुसट 3 दिसतो आणि त्याच्या आधी उणे चिन्ह आहे की कागदावरचा डाग आहे हे ठरवता येत नाही. उणे असेल तर हिशेब असा होतो:

E = 1.10 − (0.0592/2) log(1.0/10⁻³) = 1.10 − 0.089 = 1.01 V

उणे नसेल तर तेच 0.089 वजा होण्याऐवजी मिळवले जाते आणि उत्तर 1.19 V येते. दोन्ही उत्तरे दिसायला सारखीच सभ्य आहेत, त्यामुळे चूक झाल्याचे शेवटपर्यंत लक्षात येणार नाही. त्याच पानावरच्या आकृतीत बाणाजवळ e⁻ लिहिले आहे की नुसते e, आणि सॉल्ट ब्रिजमध्ये NO₃⁻ डावीकडे जाताना दाखवले आहे की उजवीकडे, हेही मला कळले नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की फोटो काढण्याआधी पानावरची सर्वांत बारीक खूण शोध आणि तीच त्या पानाची परीक्षा मान. या पानावर ती खूण म्हणजे 10⁻³ मधले उणे चिन्ह आहे. छपाईत त्या आडव्या रेघेची जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर असते. तुझ्या फोनचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा आहे आणि ए-फोर पानाची लांबी २९७ मिलिमीटर आहे. पान चौकटीत जवळजवळ पूर्ण भरले, तर दर मिलिमीटरला सुमारे १२ पिक्सेल मिळतात, म्हणजे उण्याच्या रेघेच्या वाट्याला जेमतेम दोन येतात. एवढ्यात ती दिसते. पण पानाभोवती अर्धे टेबल आले, किंवा हात किंचित हलला, तर ती दोन पिक्सेलची रेघ आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळते. मोठी अक्षरे मात्र तरीही वाचता येतात, आणि फसगत होते ती इथेच.

मांडणी अशी कर. पान टेबलावर सपाट ठेव आणि त्याच्याखाली काळा किंवा गडद कागद घाल, कारण तुझी वर्कशीट पाठपोट छापलेली आहे आणि मागच्या बाजूची अक्षरे पुढे उमटून सबस्क्रिप्टसारखी दिसतात. उजेड खिडकीचा घे आणि तो बाजूने येऊ दे. डोक्यावरचा दिवा असला की फोनची सावली नेमकी पानाच्या मध्यावर पडते. फोन हातात धरण्याऐवजी पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या थप्प्यांवर आडवा ठेव, कॅमेऱ्याचे भिंग दोन्ही थप्प्यांमधल्या मोकळ्या जागेवर येऊ दे, आणि तीन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत उतरणार नाही. फोन पानाला समांतर आहे ना, हे पानाच्या चारही कडा चौकटीच्या कडांशी ताडून पाहा. तो कलला असेल तर दूरच्या टोकाची अक्षरे लहान होतात आणि बहुधा तीच फोकसबाहेर जातात.

फोकससाठी पडद्यावर पानाच्या मधोमध बोट न टेकवता आकृतीतल्या एखाद्या नावावर टेकव. फोटो काढल्यावर तो मोठा करून केवळ तीन ठिकाणी पाहा: परीक्षेची खूण, आकृतीतले सर्वांत लहान नाव आणि पानाचा कॅमेऱ्यापासून सर्वांत दूरचा कोपरा. धूसरपणा दिसला तर तो कसला आहे तेही पाहा. रेघा एकाच दिशेने दुहेरी झाल्या असतील तर फोन हलला आहे, आणि सगळीकडे सारखाच मऊपणा असेल तर फोकस चुकला आहे. पहिल्यावर उपाय टायमर किंवा जास्त उजेड, आणि दुसऱ्यावर उपाय फोन थोडा वर नेऊन पुन्हा फोकस करणे.

शेवटचे म्हणजे फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठव.

तुझी,
मृण्मयी

---

विश्वास_प

निरोप चांगला आहे, पण एवढी खटपट कशासाठी, असे मला वाटते. फोनमध्ये कागदपत्रे स्कॅन करण्याची सोय असते. ती कडा स्वतः ओळखते, पान सरळ करते आणि कृष्णधवल पर्याय निवडला की कागद पांढराशुभ्र व अक्षरे काळीभोर होतात. मी सर्व कागद असेच पाठवतो आणि कोणाची तक्रार आलेली नाही.

दुसरे असे की संहती 10³ mol/L असूच शकत नाही. एका लिटरमध्ये हजार मोल तांब्याचे आयन मावणार कसे? त्यामुळे उणे चिन्ह दिसले नाही, तरी विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला ते कळायला हवे.

---

जुनी_भिंगे

विश्वासराव, पान सरळ करण्यापुरता तुमचा सल्ला योग्य आहे. कडा ओळखून पान चौकोनी करणे ही स्कॅनच्या सोयीची खरी उपयुक्त बाजू आहे. कृष्णधवल पर्यायाबद्दल मात्र मी सावध करीन, आणि मी हे अनेक वर्षे जुन्या नोंदवह्यांची पाने टिपण्याच्या कामातून सांगतो आहे.

त्या पर्यायात प्रत्येक ठिपक्याबद्दल एकच निर्णय होतो, काळा की पांढरा. ज्या रेघेच्या वाट्याला दोनच पिक्सेल आले आहेत तिचा रंग कधीच पुरता काळा नसतो. तो राखाडी असतो, आणि राखाडी रेघ निर्णयाच्या सीमेच्या जराशी वर गेली की ती साफ नाहीशी होते. राखाडी फोटोत पुसट का होईना, पण "येथे काहीतरी आहे" एवढे तरी कळते. कृष्णधवल प्रतीत तिथे कोरा कागद दिसतो आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. शिवाय अशा बऱ्याच सोयींमध्ये कागदावरचे डाग काढून टाकण्याची क्रिया जोडलेली असते, आणि 0.0592 मधला दशांशबिंदू, E° वरचे लहान वर्तुळ किंवा x वरचा ठिपका ही तिच्या दृष्टीने डागच असतात. पेन्सिलीने काढलेल्या तुटक रेषांची अवस्थाही तीच होते. स्कॅनची सोय वापरायचीच असेल, तर रंगीत किंवा राखाडी पर्याय ठेवावा आणि पान सरळ झाल्यावर चित्राचे पिक्सेल किती उरले तेही पाहावे, कारण काही सोयी गुपचूप आकार लहान करतात.

संदर्भावरून ओळखण्याबद्दल म्हणाल, तर या प्रश्नात ते जमेल, पण त्याच विषयातला दुसरा प्रश्न घ्या. उभयमुखी अभिक्रियेत पुढच्या दिशेचा स्थिरांक k₁ आणि उलट दिशेचा k₋₁ असतो. तक्त्यात दोन ओळी आहेत आणि दोन्हींपुढे पटण्याजोग्या किमती आहेत. सबस्क्रिप्टमधली ती रेघ गेली, तर दोन्ही ओळी k₁ होतात आणि कोणती किंमत कोणाची हे कितीही विचार केला तरी कळत नाही.

---

विश्वास_प

k₁ आणि k₋₁ चे उदाहरण पटले. मी पाठवतो ते कागद पावत्या आणि अर्ज असतात, त्यांत घातांक नसतात, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही एक विचारतो. जास्त मेगापिक्सेलचा फोन घेतला, तर हा प्रश्न मुळातच सुटणार नाही का?

---

अध्यापिका_नि

मी शिकवते आणि माझी अडचण याच्या उलट आहे. विद्यार्थी उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवतात आणि त्यांत सबस्क्रिप्ट इतके लहान व रेघेला चिकटून लिहिलेले असतात की फोटो कितीही उत्तम असला तरी SO₄²⁻ मधला 4 आणि 2 एकमेकांत शिरतात. मुलांनी लिहितानाच खालचा आणि वरचा अंक थोडा मोठा काढावा, दोघांमध्ये जागा सोडावी, ν आणि v किंवा ρ आणि p यांत फरक दिसेल असे वळण द्यावे, असे मी नेहमी सांगते. फोटोपेक्षा लिखाणाकडे लक्ष दिले तर निम्मे प्रश्न मिटतील, असे माझे मत आहे.

---

मृण्मयी

निशाताई, हाताने लिहिलेल्या पानांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि उत्तरे पाठवताना मी ते पाळीन. मात्र सायलीकडची वर्कशीट छापील आहे. तिच्यावरचा अंक मोठा करणे आमच्या हातात नाही, आणि आकृतीतल्या काही खुणा सरांनी नंतर पेन्सिलीने घातलेल्या आहेत. त्यामुळे आहे तो कागद नीट टिपणे एवढेच करता येते.

---

जुनी_भिंगे

पेन्सिलीचा उल्लेख झाला ते बरे झाले, कारण निरोपात तो राहिला होता आणि आकृतीतली नावे हरवण्याचे ते एक मोठे कारण आहे.

पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, आणि ते चकाकते. उजेड ज्या कोनातून कागदावर येतो त्याच कोनातून तो पलीकडे परततो. परतणाऱ्या उजेडाच्या वाटेत कॅमेरा आला, तर पेन्सिलीची रेघ काळी न दिसता कागदाइतकीच उजळ दिसते, कधीकधी कागदाहूनही उजळ. छापील शाई बहुधा इतकी चकाकत नाही. म्हणून फोटोत छापील सेल जागेवर असतो आणि सरांनी काढलेला बाण तेवढा गायब असतो. पाहणाऱ्याला वाटते की बाण फिका काढला आहे, पण तो फिका नसतो, तो चकाकत असतो.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पान जागेवर ठेवून डोके कॅमेऱ्याच्या जागी न्यावे आणि एक डोळा मिटून आकृतीकडे पाहावे. बाण चंदेरी दिसला तर उजेडाची दिशा चुकली आहे. तेव्हा टेबल थोडे वळवावे किंवा दिवा बाजूला आणि खाली न्यावा. दिवा कागदाच्या पातळीपासून साधारण ३० ते ४५ अंशांवर, बाजूने असला, तर परतणारा उजेड दुसऱ्या बाजूला निघून जातो आणि कॅमेऱ्यात शिरत नाही. फोनचा फ्लॅश वापरू नये, हे यावरूनच स्पष्ट होईल, कारण तो भिंगाशेजारीच असतो आणि त्याचा उजेड सरळ भिंगातच परत येतो.

आता विश्वासरावांच्या मेगापिक्सेलच्या प्रश्नाकडे येतो. ते उपयोगी पडतात, पण बऱ्याच वेळा फोटो फोनमध्ये बिघडत नाही, तो वाटेत बिघडतो. मृण्मयीने "फाइल म्हणून पाठव" असे एका ओळीत लिहून तो विषय संपवला आहे, पण माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष तिथेच द्यायला हवे. निरोपांची अ‍ॅप्स फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राची लांब बाजू बहुधा बरीच कमी करतात. माझ्याकडे पोहोचणारे फोटो पुष्कळदा १६०० पिक्सेलचे असतात. पूर्ण पान १६०० पिक्सेलवर आले की दर मिलिमीटरला १२ ऐवजी पाचच पिक्सेल उरतात. उण्याची ०.१५ मिलिमीटरची रेघ म्हणजे एका पिक्सेलहूनही कमी. मग पाठवणाऱ्याचा फोन ५० मेगापिक्सेलचा असो वा १२, पोहोचते ते तेवढेच. सायलीच्या फोनवर उणे दिसत असेल आणि मृण्मयीच्या फोनवर नसेल, तर दोघींनी त्याच फोटोची माहिती उघडून पिक्सेलचे आकडे ताडून पाहावेत. आकडे वेगळे असतील तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

---

सायली_क

मी सायली. आम्ही दोघींनी आकडे पाहिले. माझ्या फोनवर तो फोटो ४००० गुणिले ३००० आहे आणि मृण्मयीकडे पोहोचलेला १६०० गुणिले १२०० आहे. माझ्याकडे 10⁻³ मधले उणे मोठे केल्यावर दिसते, आणि म्हणूनच मी इतका वेळ हट्टाने सांगत होते की फोटो नीट आहे.

पण फाइल म्हणून पाठवण्यात एक अडचण आहे. वर्कशीटची पाने बरीच असतात आणि एकेक फाइल चार-पाच एमबीची होते. माझे नेटवर्क इतके मंद आहे की निम्म्या फाइली अडकून राहतात. त्यामुळे मला फोटो म्हणूनच पाठवावे लागते. यातून काही मार्ग आहे का?

---

जुनी_भिंगे

मार्ग आहे, आणि तो मला फाइलीपेक्षाही जास्त आवडतो. पाठवण्याआधी फोटो कापून घ्या.

अ‍ॅप चित्राचा आकार कमी करते ते पिक्सेल मोजून. कागदाचा किती भाग आत आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. तुमच्या वर्कशीटवरची सेलची आकृती किती रुंद आहे? समजा, १० सेंटिमीटर. मूळ फोटोत दर मिलिमीटरला १२ पिक्सेल आहेत, म्हणजे आकृती १२०० पिक्सेल रुंद आहे. मूळ फोटोतून फक्त आकृती कापून वेगळी जतन केली, तर ते चित्र १६०० च्या आतच असल्यामुळे अ‍ॅपला ते लहान करण्याचे कारण उरत नाही, आणि आकृती १२ पिक्सेलच्या दरानेच पलीकडे पोहोचते. पूर्ण पान पाठवले असते तर तीच आकृती ५०० पिक्सेलच्याही आत आली असती. चित्र पुन्हा दाबून साठवले जाताना थोडी हानी होते, पण ती रेघ पूर्ण पुसण्याइतकी सहसा नसते.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. पूर्ण पानाचा एक फोटो नेहमीप्रमाणे पाठवावा, म्हणजे कोणता प्रश्न कोठे आहे हे कळेल. त्यानंतर त्याच मूळ फोटोतून कापलेले आकृतीचे आणि सूत्रांच्या ओळींचे तुकडे पाठवावेत. प्रत्येक तुकड्यात प्रश्नाचा क्रमांक आत राहील असे कापावे, नाहीतर दोन सेलच्या आकृत्यांची अदलाबदल होते. एवढ्या सगळ्याचा भार एका मूळ फाइलीपेक्षा बहुधा कमीच होतो.

एक पथ्य आहे. कापायचे ते फोनमधल्या मूळ फोटोतून, अ‍ॅपमध्ये एकदा जाऊन परत आलेल्या प्रतीतून नव्हे. आणि पडद्याचा स्क्रीनशॉट काढून कापू नये, कारण मग पडद्याला जेवढे दिसत होते तेवढेच पिक्सेल मिळतात.

---

प्रशांत_दे

सायली, तू टंकूनच का पाठवत नाहीस? फोटोतला मजकूर उचलून घेण्याची सोय आता बहुतेक फोनमध्ये आहे. मजकूर उचलला की निरोपात चिकटवायचा. त्यात पिक्सेलचा प्रश्नच येत नाही.

---

मृण्मयी

प्रशांतदादा, आम्ही तो मार्ग पाहिला आहे. वाक्यांसाठी तो चालतो, पण उचललेल्या मजकुरात सबस्क्रिप्ट आणि सुपरस्क्रिप्ट सपाट होऊन एकाच ओळीत येतात. Cu²⁺ चे Cu2+ होते, ते कळते. पण 10⁻³ चे 10-3 होते तेव्हा ती वजाबाकी आहे की घातांक हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. आकृतीतला बाण तर उचलताच येत नाही. आमचा प्रश्न चित्र वाचता यावे हाच आहे.

---

प्रशांत_दे

समजले. मी प्रश्न नुसत्या मजकुराचा आहे असे धरून चाललो होतो.

आणखी एक सुचवतो. फोटो काढताना फोन पानाच्या खूप जवळ नेला तर अक्षरे मोठी मिळतात. मग कापण्याची गरजच काय? आकृतीचा थेट जवळून फोटो घ्यावा.

---

जुनी_भिंगे

जवळून घेण्याला मर्यादा आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग रुंद कोनाचे असते, त्यामुळे ए-फोर पान चौकटीत भरायला फोन साधारण २२ ते २५ सेंटिमीटरवर आणावा लागतो. फक्त १० सेंटिमीटरची आकृती भरायची, तर तो सात-आठ सेंटिमीटरवर न्यावा लागेल, आणि बऱ्याच फोनच्या मुख्य भिंगाला इतक्या जवळ फोकस करता येत नाही. काही फोन अशा वेळी न विचारता दुसऱ्या, अतिरुंद कोनाच्या भिंगाकडे वळतात. पडद्यावर चित्र क्षणभर उडी मारल्यासारखे हलते, तीच त्याची खूण. त्या भिंगाने मध्यभाग स्पष्ट येतो पण कडेची नावे ताणली जातात आणि मऊ होतात. आणि सात सेंटिमीटरवर फोन स्वतःच उजेड अडवतो.

म्हणून २५ ते ३० सेंटिमीटरवरून घेऊन नंतर कापावे, असे मी सांगतो. दुप्पट झूमचे खरे वेगळे भिंग फोनमध्ये असेल, तर मात्र ते जरूर वापरावे. त्याने दूर राहूनही आकृती चौकटीत भरते आणि सावलीही पडत नाही. वेगळे भिंग नसेल, तर झूम म्हणजे बहुतेक वेळा फोनने आतल्या आत कापून मोठे केलेले चित्रच असते.

---

विश्वास_प

मी थोडा असहमत आहे. माझ्या नव्या फोनमध्ये पूर्ण मेगापिक्सेल वापरण्याचा वेगळा पर्याय आहे. आज मी मुद्दाम एक गणिताचे पान खिडकीजवळ ठेवून दोन्ही प्रकारे टिपले. पूर्ण पर्यायात A′ वरची छोटी तिरपी रेघ नेहमीच्या फोटोपेक्षा निश्चितच स्पष्ट आली. तेव्हा मेगापिक्सेलचा उपयोग नाही असे म्हणता येणार नाही.

---

जुनी_भिंगे

भरपूर उजेडात तसे होऊ शकते, आणि तुमच्याकडे झाले असेल तर मी ते नाकारत नाही. मंद उजेडात मात्र माझा अनुभव वेगळा आहे. तेव्हा त्या पर्यायात दाणेदारपणा वाढतो, फोन तो पुसायला जातो, आणि पुसताना फिक्या पेन्सिलीच्या रेघाही गुळगुळीत करून टाकतो. प्रत्येक फोन हे काम निराळ्या पद्धतीने करतो, त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा निर्णय मी देऊ शकत नाही. ज्याच्या फोनमध्ये तो पर्याय आहे त्याने एकच पान, एकच उजेड आणि एकच बारीक खूण घेऊन दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहावेत.

---

अध्यापिका_नि

मीही एक विचारते. आमच्याकडे आकृतीत नावे लाल आणि हिरव्या पेनने घालण्याची पद्धत आहे. फोटोत नेमकी तीच नावे फिसकटलेली दिसतात आणि काळी नावे ठीक दिसतात. हा पेनचा दोष आहे का?

---

जुनी_भिंगे

पेनचा दोष असण्याची शक्यता कमी आहे. फोटो साठवण्याच्या जेपीईजी पद्धतीत उजेड-अंधाराची माहिती बारकाईने ठेवली जाते आणि रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईने, कारण आपल्या डोळ्यांना रंगातला तपशील कमी जाणवतो. काळ्या अक्षराचा सगळा आकार उजेड-अंधारातच असतो, म्हणून ते टिकते. रंगीत बारीक अक्षराचा काही भाग रंगावर अवलंबून असतो, म्हणून त्याच्या कडा पसरतात. फिके लाल, नारिंगी आणि पिवळे यांचे सर्वांत जास्त नुकसान होते. त्यावर कृष्णधवल पर्याय लावला, तर लाल नाव पूर्णच जाऊ शकते. नावे काळ्या किंवा गडद निळ्या पेनने घालून रंग फक्त रेषांना ठेवला, तर फरक दिसेल.

---

सायली_क

मी काल सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. खाली काळा कागद, दोन थप्प्या, टायमर आणि डावीकडून खिडकीचा उजेड. आधी सरांचा पेन्सिलीचा बाण खरोखरच चंदेरी दिसत होता, टेबल वळवल्यावर तो काळा झाला. पूर्ण पान आणि तिसऱ्या प्रश्नाचे दोन तुकडे मृण्मयीला फोटो म्हणूनच पाठवले.

एक गोष्ट राहिली. माझी वर्कशीट मधोमध घडी घातलेली आहे आणि सॉल्ट ब्रिजचे नाव नेमके घडीवर येते. तिथे एक बाजू उजळ आणि एक बाजू काळी दिसते. वर काच ठेवून पान दाबले, तर काचेत खिडकी दिसू लागली.

---

जुनी_भिंगे

काच काढून ठेवा. घडी आडवी आहे की उभी, हे पाहून पान असे फिरवा की उजेड घडीच्या रेषेच्या दिशेनेच येईल, तिला आडवा येणार नाही. उजेड घडीवरून आडवा आला की तिचा एक उतार उजळतो आणि दुसरा सावलीत जातो. तो घडीच्या लांबीने आला की दोन्ही उतारांना सारखाच उजेड मिळतो. त्याआधी पान उलट बाजूने एकदा हलके दुमडून काही वेळ जड पुस्तकाखाली ठेवले, तर उंचवटाही कमी होईल. पेन्सिलीचा बाण आणि घडी यांना उजेड वेगवेगळ्या दिशांनी हवा असेल, तर दोन फोटो घ्या आणि प्रत्येकातून हवा तो तुकडा कापा.

---

मृण्मयी

सायलीचे तुकडे पोहोचले. 10⁻³ मधले उणे माझ्या फोनवर न ताणता वाचता येते, बाण जस्ताकडून तांब्याकडे जातो आहे आणि त्याच्याजवळ e⁻ आहे. NO₃⁻ जस्ताच्या अर्धसेलकडे जाताना दाखवले आहे. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1.01 V धरून आम्ही पुढे जात आहोत.

पाचव्या प्रश्नात मात्र एक सबस्क्रिप्ट अजून अडते आहे. तो अंक 1 आहे, की l हे अक्षर आहे, की i आहे, हे तुकड्यातही कळत नाही. रेघ स्पष्ट आहे, पण i वरचा बिंदू असेल तर तो दिसत नाही. सायली, मूळ कागदावर तो बिंदू आहे का ते डोळ्यांनी पाहून सांग. तिथेही नसेल तर छपाईतच तो गेला आहे आणि सरांनाच विचारावे लागेल.

---

सायली_क

कागदावरही बिंदू नाही. त्याच ओळीत पुढे 2 आणि 3 असे सबस्क्रिप्ट आहेत, त्यामुळे तो 1 असावा असे मला वाटते, पण खात्री नाही. उद्या सरांना विचारते. घडीचा फोटो खिडकीकडे उजेड आहे तोवर पुन्हा काढून पाठवते.